दोनच मुलं, तरी लोकसंख्या का वाढते?

"जोडप्यामागे दोनच मुलं झाली, की लोकसंख्या वाढायची थांबते."

थांबते, पण पन्नासेक वर्षांनी. कारण मनोऱ्यात दिसतं.

लोकसंख्या मनोऱ्यात डावीकडे पुरुष, उजवीकडे स्त्रिया आणि तळापासून वर वाढत जाणाऱ्या वयोगटांच्या आडव्या पट्ट्या असतात. विद्यार्थी टोक बघतात. आधी तळ बघावा. जन्मदर आणि मृत्यूदर चढ्यावरून उतरत जाण्याच्या प्रवासाला लोकसंख्या संक्रमण म्हणतात. त्याच्या दुसऱ्या टप्प्यात मृत्यूदर घटतो, जन्मदर चढाच राहतो, म्हणून तळ रुंद होतो. तिसऱ्यात जन्मदर उतरतो, पण आधी जन्मलेली मुलं अजून आईबाप व्हायची असतात.

सोयीसाठी एक काल्पनिक तालुका घेऊ. ०–२४ वयाचे ५० हजार, २५–४९ चे ३० हजार, ५०–७४ चे १५ हजार; एकूण ९५ हजार. पंचाहत्तरी कोणी ओलांडत नाही, स्थलांतर नाही आणि आजपासून प्रत्येक पिढी आपल्याएवढीच मुलं जन्माला घालते. २५ वर्षांनी प्रत्येक पट्टी एक पायरी वर सरकते आणि तळाशी नवे ५० हजार येतात: ५०, ५०, ३०; एकूण १ लाख ३० हजार. आणखी २५ वर्षांनी तिन्ही पट्ट्या ५०–५० हजारांच्या, म्हणजे दीड लाख. वाढ तिथे थांबते.

खऱ्या आकड्यांत तपासायचं तर केरळ घ्या. १९९१ च्या सुमारास तिथला जननदर, म्हणजे एका स्त्रीमागे सरासरी मुलं, दोनच्या आसपास आला होता. तरी जनगणनेत १९९१ चे सुमारे २.९१ कोटी २०११ ला ३.३४ कोटी झाले, तेही लाखो लोक आखातात गेलेले असताना.