अपहरण, पळवून नेणं आणि डांबून ठेवणं: वय नि संमतीचा हिशोब कुठून आला

सतरा वर्षांची मुलगी घरातून निघून गेली की पोलीस स्टेशनात जी फिर्याद लिहिली जाते ती जवळपास ठरलेली असते, "अज्ञात इसमाने अज्ञात कारणावरून फूस लावून पळवून नेले". मुलगी स्वतःच बॅग भरून गेली असेल, जाताना आईला चिठ्ठी ठेवून गेली असेल, तरी वाक्य तेच. मे २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने बेपत्ता मुलांच्या केसमध्ये आदेश दिला की अठराखालचं मूल हरवल्याची तक्रार आली की एफआयआर नोंदवायचाच, गृहीत धरायचं की पळवून नेलंय किंवा तस्करी आहे. त्यामुळे पेपरात "अपहरणाचे गुन्हे वाढले" अशी बातमी येते तेव्हा त्यात खंडणीवाले किती नि प्रेमात पडून गेलेले किती हे आकड्यावरून कळत नाही.

पेपरवाले सगळ्यालाच अपहरण म्हणतात पण कायद्यात हे वेगवेगळे गुन्हे आहेत. किडनॅपिंगचे दोन प्रकार, एक म्हणजे एखाद्याला त्याच्या संमतीशिवाय भारताबाहेर नेणं, तो कुठल्याही वयाचा असला तरी, आणि दुसरा म्हणजे अल्पवयीन किंवा वेडसर व्यक्तीला कायदेशीर पालकाच्या ताब्यातून पालकाच्या संमतीशिवाय नेणं किंवा फूस लावणं. अॅबडक्शन म्हणजे कुणालाही जबरदस्तीने किंवा फसवून एका जागेवरून हलवणं, तिथे वयाचा प्रश्नच नाही. आणि डांबून ठेवणं म्हणजे माणसाला ठराविक हद्दीबाहेर जाऊच न देणं. आता गंमत बघा, किडनॅपिंगच्या दुसऱ्या प्रकारात ज्याला नेलं त्याची संमती विचारलीच जात नाही, पालकाची विचारली जाते. हे असं का, याचं उत्तर हवं असेल तर बरंच मागे जावं लागतं.

इंग्लंडमध्ये १४८७ मध्ये एक कायदा झाला, इस्टेटवाल्या बायकांना जबरदस्तीने पळवून नेऊन लग्न लावण्याविरुद्ध. मुलीची अब्रू वगैरे नंतरची गोष्ट, मुख्य चिंता होती की वारसदार मुलगी गेली की जमीनही जाते. पुढे सोळाव्या शतकाच्या मध्याला सोळा वर्षांखालच्या अविवाहित मुलीला आईबापाच्या ताब्यातून नेणं हा वेगळा गुन्हा झाला, आणि तिथे जबरदस्ती सिद्ध करायची गरज राहिली नाही. ताबा गेला एवढंच पुरे. मेकॉलेच्या कमिशनने १८३७ मध्ये आपल्याकडच्या दंडसंहितेचा मसुदा दिला, कायदा झाला १८६० मध्ये, लागू झाला १ जानेवारी १८६२ ला, आणि त्यात हीच कल्पना कलम ३६१ म्हणून बसली, मुलगा चौदाच्या आत, मुलगी सोळाच्या आत.

त्याच १८६० च्या संहितेत बलात्काराच्या कलमात संमतीचं वय होतं दहा. म्हणजे अकरा वर्षांची मुलगी शरीरसंबंधाला कायद्याने "हो" म्हणू शकत होती पण बापाला न विचारता कुणाबरोबर घराबाहेर पडायला तिचं "हो" चालत नव्हतं, त्यासाठी सोळा हवे. माझ्या मते या एका विसंगतीवरून कलम ३६१ मुळात कुणासाठी लिहिलं हे कळतं. ते मुलीसाठी कमी आणि ज्याच्या ताब्यात ती आहे त्याच्यासाठी जास्त होतं. संमतीचं वय पुढे १८९१ मध्ये बारा झालं, आणि त्या बिलावरून पुण्यात टिळक एका बाजूला नि आगरकर-भांडारकर दुसऱ्या बाजूला असा जो धुरळा उडाला तो आपल्याला शाळेत थोडाफार शिकवतात. पण त्या सगळ्या वादात ३६१ ला कुणी हात लावला नाही, त्यातली वयं बदलली थेट १९४९ मध्ये, मुलगा सोळा आणि मुलगी अठरा. संमतीचं वय अठरावर यायला २०१२-१३ उजाडलं, आधी मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पॉक्सो कायदा आणि मग फौजदारी कायद्यातली दुरुस्ती. म्हणजे दीडशे वर्षं हे दोन आकडे वेगवेगळ्या गतीने चालत होते, आता कुठे जुळलेत.

"मला वाटलं ती अठराची आहे" हे कारण चालतं का, हाही जुनाच प्रश्न. १८७५ च्या इंग्लंडमधल्या एका खटल्यात प्रिन्स नावाच्या माणसाने बापाच्या ताब्यातून नेलेल्या चौदा वर्षांच्या मुलीने स्वतः आपलं वय अठरा सांगितलं होतं, दिसायचीही मोठी, ज्युरीनेही मानलं की त्या माणसाचा समज खरा नि वाजवी होता. तरी सोळा न्यायाधीशांपैकी एक सोडून सगळ्यांनी शिक्षा कायम ठेवली. तर्क असा की बापाच्या ताब्यातून मुलगी नेतोय हे माहीत असताना वयाची जोखीम नेणाऱ्याची.

आपल्याकडे या कडकपणाला पहिली मोठी खीळ बसली ती १९६४ च्या वरदराजन विरुद्ध मद्रास राज्य या निकालात. हा निकाल लिहिला न्यायमूर्ती ज. र. मुधोळकरांनी, हे नागपूर हायकोर्टातून पुढे गेलेले. केस तशी साधी. मद्रासमध्ये सरकारी अधिकाऱ्याची मुलगी, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला, शेजारच्या मुलाशी बोलणं सुरू झालं, घरात कळलं, बापाने ३० सप्टेंबर १९६० ला तिला कोडंबाक्कमला नातेवाईकाकडे नेऊन ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती तिथून एकटी बाहेर पडली, स्वतः त्या मुलाला फोन करून एका रस्त्यावर बोलावलं, तो गाडी घेऊन आला, ती बसली. साक्षीदार म्हणून मित्राला घेतलं, दुकानात जाऊन मंगळसूत्राचं सामान घेतलं, तिथून रजिस्ट्रारच्या ऑफिसात जाऊन लग्नाचा करार नोंदवला. मग वेगवेगळ्या गावी फिरत राहिले आणि महिन्याभराने पोलिसांना तंजावरला सापडले. तिचा जन्म १३ नोव्हेंबर १९४२ चा, म्हणजे त्या दिवशी अठराला दीड महिना कमी. मुलाला एक वर्ष सक्तमजुरी झाली होती.

कोर्टापुढे प्रश्न होता की त्याने तिला "नेलं" का? मुधोळकरांनी फरक केला, नेणं वेगळं आणि जी स्वतः निघालीये तिला बरोबर येऊ देणं वेगळं. ही मुलगी लहानसहान नव्हती, शहरात वाढलेली, कॉलेजात शिकणारी, आपण काय करतोय ते तिला कळत होतं. घर सोडायचा इरादा तिच्या मनात तयार होण्यात आरोपीचा हात होता, त्याने काही आमिष दाखवलं, असं काहीतरी जास्तीचं सिद्ध व्हायला हवं. ते झालं नाही म्हणून तो सुटला. इथे नीट बघा, कोर्टाने तिच्या संमतीला मान्यता दिली असं नाही, संमती अजूनही बिनकामाचीच, फक्त "नेलं" हा शब्दच लागू पडत नाही म्हटलं. वकील लोक अजूनही याच दारातून आत शिरतात.

पण दार अरुंद आहे. त्याच निकालात लिहिलंय की निघायच्या क्षणी आरोपी गप्प असला तरी आधी कधी त्याने तिला घर सोडायला राजी केलं असेल तर तो अडकतो. १९७२ मध्ये हरियाणाच्या राजाराम केसमध्ये मुलगी चौदाची होती, आरोपी दुसऱ्याच माणसासाठी मध्यस्थी करून तिला रात्री घरातून यायला पटवत होता, तिथे सुप्रीम कोर्टाने सांगितलं की जबरदस्ती किंवा फसवणूक लागत नाही, पटवून तिची इच्छा तयार केली तरी पुरे. पुढच्या वर्षी गुजरातच्या एका केसमध्ये उद्योजकाने पंधराच्या आसपासच्या मुलीला महिनोन्‌महिने भेटवस्तू दिल्या होत्या, मग ती एक दिवस आपणहून त्याच्याकडे आली, कोर्टाने भेटवस्तूंचा सगळा इतिहास त्यात धरला. म्हणून अशा केसमध्ये आता सगळी मारामारी मोबाईलच्या चॅटवर होते, "ये ना" आधी कोणी लिहिलं नि "मी निघाले" आधी कोणी.

मुलगी एकोणीसची असेल तर हे सगळं गळून पडतं. पालकाचा ताबाच उरत नाही त्यामुळे पालकाच्या संमतीचा प्रश्न नाही, आता तिची स्वतःची संमती बघायची आणि ती जोरजबरदस्तीने किंवा खोटं सांगून मिळवली असेल तर अॅबडक्शन. पण नुसत्या अॅबडक्शनला शिक्षाच नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. ती फक्त व्याख्या आहे. त्याला हेतू जोडावा लागतो, खून, खंडणी, गुपचूप डांबणं, जबरदस्तीचं लग्न, तेव्हा शिक्षेचं कलम लागतं. उलट अल्पवयीनाला पालकाकडून नेलं की हेतू काहीही असो, सात वर्षांपर्यंत. दुसरा फरक, पालकाच्या ताब्यातून मूल बाहेर पडलं की किडनॅपिंग तिथेच पूर्ण होतं, अॅबडक्शन मात्र माणसाला एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवत राहाल तोवर चालू राहतं, त्यामुळे मधल्या टप्प्यावर सामील झालेलाही सापडतो.

डांबून ठेवण्यात ना वय ना पालक. कायद्यातली जुनी उदाहरणंच बघा, माणसाला भिंतीआड घालून कुलूप लावलं, किंवा इमारतीच्या सगळ्या वाटांवर बंदूकवाले उभे करून सांगितलं की बाहेर पडलास तर गोळी घालू. दुसऱ्यात कुलूप नाही, कडी नाही, तरी डांबणंच. एकाच बाजूची वाट अडवली तर तो हलका गुन्हा, सगळ्या बाजू बंद केल्या तर हा. कलकत्ता हायकोर्टाने १९६७ मध्ये घेरावाच्या केसमध्ये याच कलमांवर बोट ठेवलं होतं, मॅनेजरभोवती कामगारांनी कडं केलं तरी हाच गुन्हा होऊ शकतो म्हणून. इथे संमती त्या व्यक्तीचीच बघतात. आणि गंमत म्हणजे एकोणीसच्या मुलीला प्रियकराबरोबर गेली म्हणून परत आणून घरच्यांनी खोलीत कोंडलं तर प्रियकरावर काहीच नसतं, हे कलम घरच्यांवर लागतं. शिक्षा दिवसांवर वाढते, साधं डांबणं एक वर्षापर्यंत, तीन दिवस किंवा जास्त झाले की नव्या कायद्यात तीन वर्षं, दहा दिवस झाले की पाच.

सगळा डाव शेवटी वयाच्या कागदावर येतो आणि तिथेच बोंब होते. बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ मध्ये क्रम दिलाय, आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं सर्टिफिकेट, ते नसेल तर महापालिका-ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, दोन्ही नसेल तरच हाडांची तपासणी. पीडितेलाही हीच पद्धत लावतात. आता आपल्याकडे कितीतरी जणांची शाळेतली तारीख १ जून असते, गुरुजींनी पहिलीत नाव घालताना लावून दिलेली. समजा मुलगी २० एप्रिलला गेली आणि शाळेच्या दाखल्याप्रमाणे १ जूनला अठराची होणार, पण ग्रामपंचायतीच्या रजिस्टरात जन्म मार्चचा. शाळेचा कागद धरला तर मुलावर किडनॅपिंग आणि बहुतेक वेळा पॉक्सोही, ग्रामपंचायतीचा धरला तर काहीच नाही. मग बचावपक्षाला आधी शाळेच्या नोंदीचा पाया खोदावा लागतो, प्रवेशाच्या रजिस्टरात ती तारीख कोणी नि कशाच्या आधारावर सांगितली, हेडमास्तरांना साक्षीला बोलवावं लागतं. हाडांच्या तपासणीवर तर दोन वर्षं इकडेतिकडे धरायला लागतात, म्हणजे सतराच्या आसपासच्या माणसाला तिचा उपयोग जवळपास शून्य.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, कलम ३६१ नि ३६३ चं १३७ झालं, अॅबडक्शन १३८ वर गेलं, डांबणं १२७ वर. शब्द बहुतेक जुनेच, पण एक बदल लोकांच्या फारसा लक्षात आला नाही. आता मुलगा-मुलगी दोघांसाठी अठरा. जुन्या कायद्यात सतराचा मुलगा स्वतःहून कोणाबरोबर गेला तर हे कलमच लागत नव्हतं. आता अठरा पूर्ण झालेली मुलगी नि साडेसतराचा मुलगा पळून गेले आणि मुलाच्या बापाने फिर्याद दिली, तर "फूस लावून पळवून नेले" मध्ये आरोपी म्हणून मुलीचं नाव येतं.