बाहेरच्या वेंडरला आपल्या स्लॅक आणि ड्राइव्हमध्ये गेस्ट म्हणून घ्यायचं तर: अर्ज, पात्रता, कागदपत्रं

पर्वरीला ऑफिस, कळंगुटला हॉटेल, आणि सीझनच्या आधी वेबसाइट नवी करायची म्हणून एक वेंडर घेतलाय, असं धरून चला. काम १ ऑगस्ट ते ३० सप्टेंबर. पहिल्याच दिवशी त्याचा फोन येतो, "आम्हाला ग्रुपवर घ्या ना, फोटो आणि रेट लागतात." आणि इथेच कोणीतरी त्याला सरळ मेंबर करून मोकळं होतं, ते करू नका.

कोण पात्र? ज्याच्याशी वर्क ऑर्डर झालीय आणि ज्याला रोजच्या कामासाठी आपल्याशी बोलावं लागतं तोच. नुसतं एकदा कोटेशन द्यायला आलेल्याला ईमेल पुरतो. गेस्ट हा माणूस असतो, कंपनी नव्हे, त्यामुळे info@ सारखा सामायिक पत्ता घेऊ नका, तिथे पाच जण एकच पासवर्ड वापरतात आणि कोणी काय बघितलं ते कधीच कळत नाही.

अर्जासोबत लागतं ते एवढंच: वर्क ऑर्डरची प्रत, सही केलेला गोपनीयता करार, त्या माणसाचं नाव आणि ऑफिसचा ईमेल, कुठलं चॅनल आणि कुठल्या फाइल लागतात ते, शेवटची तारीख, आणि आपल्याकडचा एक जबाबदार माणूस ज्याची सही असेल. तारीख रिकामी असेल तर अर्ज परत पाठवा, "काम संपेपर्यंत" ही तारीख नव्हे बाबा.

आता स्लॅक. गेस्ट फक्त पेड प्लॅनवर मिळतात आणि ते दोन प्रकारचे. `Single-Channel Guest` ला एकच चॅनल दिसतं आणि एका पेड मेंबरमागे असे पाच फुकट मिळतात, तर `Multi-Channel Guest` ला आपण देऊ तेवढी चॅनल्स दिसतात पण त्याचे पैसे पूर्ण मेंबरसारखे लागतात. वेबसाइटवाल्याला पहिला प्रकार पुरे. ओनर किंवा अॅडमिन त्याला गेस्ट म्हणून इन्व्हाइट करतो, चॅनल निवडतो आणि टाइम लिमिटमध्ये ३० सप्टेंबर टाकतो, ती वेळ झाली की खातं आपोआप बंद पडतं.

लोक फसतात ते चॅनलच्या जुन्या गप्पांत. गेस्टला चॅनलमध्ये घेतलं की तो आल्यानंतरचंच दिसतं असं वाटतं, तसं नाही, आधीचं सगळं आणि आधीच्या फाइल्ससुद्धा दिसतात. हॉटेलमध्ये हे भारी पडतं, कारण परदेशी पाहुण्यांची माहिती चोवीस तासांत सरकारला कळवायची असते म्हणून रिसेप्शनवाले घाईत पासपोर्टचे फोटो चॅनलवरच टाकतात. "वेबसाइटचे फोटो इथेच आहेत" म्हणून वेंडरला त्याच चॅनलमध्ये घेतलंत की पाहुण्यांचे पासपोर्ट त्याच्या हातात. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात वेंडरच्या हातून झालेल्या प्रोसेसिंगची जबाबदारीसुद्धा आपल्यावरच ठेवलीय. म्हणून नवीन, रिकामं चॅनल काढा, आणि नाव असं द्या की बाहेरचा माणूस आत आहे हे आपल्या स्टाफला टाइप करतानाच दिसेल, म्हणजे `ext-website` वगैरे.

दुसरा घोटाळा ड्राइव्हचा. स्लॅक बंद झालं म्हणजे त्या चॅनलवर टाकलेली ड्राइव्हची लिंक बंद झाली असं होत नाही, दोघांच्या परवानग्या वेगळ्या. लिंक `Anyone with the link` वर असेल तर सप्टेंबर संपल्यावरही चालत राहील, आणि वेंडरने ती कोणाला फॉरवर्ड केली असेल तर त्यालाही. ती `Restricted` करा, त्याच्या ईमेललाच व्ह्यूअर म्हणून द्या, आणि शेअर केल्यावर नावासमोरच्या मेनूतून एक्सपायरीची तारीख घाला. ही सोय ऑफिसच्या खात्यात, तीही ठरावीक प्लॅनवर असते, साध्या जीमेलवर नाही, तिथे हाताने काढावं लागतं. आणि अख्खं फोल्डर देऊ नका, आतलं सगळं सोबत जातं, रेट कार्डच्या शेजारी पगाराची शीट पडलेली असते हे लक्षात कोणाच्या असतं!

तपासायचं कसं? लिंक इनकॉग्निटो विंडोत उघडा, लॉगिन न मागता उघडली तर ती जगाला उघडी आहे. स्लॅकमध्ये मेंबर मॅनेज करायच्या पानावर गेस्ट तेवढे गाळून बघा, ज्यांच्यापुढे शेवटची तारीख नाही ते कोणाचे, हे जबाबदार माणसाला विचारा.

तारीख ठरवताना चवथ बघा. ऐन चवथीत खातं बंद पडलं तर वाढवून द्यायला अॅडमिन सापडत नाही, मग कोणीतरी वैतागून "आपलाच पासवर्ड दे त्याला" करतो आणि सगळं मुसळ केरात. मुदत वाढवायची झाली तर नवा अर्ज, वाढीव वर्क ऑर्डरसकट, फोनवरच्या शब्दावर नाही. आणि वेंडरने जे आधीच डाउनलोड केलंय ते कुठलीही एक्सपायरी परत आणत नाही, म्हणून काम संपल्यावर फाइल्स डिलीट केल्याचं लेखी द्यायची अट करारातच घाला आणि शेवटचं बिल ते पत्र आल्यावरच सोडा.