गैरकायद्याची मंडळी आणि बघ्याचे दायित्व

पाच किंवा अधिक माणसांनी विशिष्ट बेकायदा उद्देशाने जमणे हा भारतीय फौजदारी कायद्यात स्वतंत्र गुन्हा आहे. पोलिसांच्या कागदात त्याला ‘गैरकायद्याची मंडळी’ म्हणतात. या मंडळीने किंवा तिच्यातील एकानेही समान उद्दिष्टासाठी बळ वापरले की तो दंगा होतो. शिक्षेची कमाल मर्यादा 2 वर्षे, प्राणघातक हत्यार असल्यास 5 वर्षे. 1 जुलै 2024 पूर्वीच्या घटनांना भारतीय दंड संहितेची कलमे 141 ते 149 लागू होतात (हत्यारासह दंग्याला तेव्हा 3 वर्षे होती), नंतरच्यांना भारतीय न्याय संहितेची कलमे 189 ते 191. जमावबंदीचे आदेश हा वेगळा विषय आहे.

खरी अडचण कलम 149 ची, म्हणजे आताच्या कलम 190 ची आहे. त्यानुसार मंडळीतील एकाने समान उद्दिष्टासाठी गुन्हा केला, किंवा असा गुन्हा घडण्याचा संभव सदस्यांना ठाऊक होता, तर तो गुन्हा घडतेवेळी सदस्य असलेला प्रत्येक जण दोषी धरला जातो. स्वतः हात उचलला नाही, हा बचाव येथे चालत नाही. खुनाची शिक्षा दगडही न मारलेल्याला होऊ शकते ती यामुळे. म्हणून वाद नेहमी एकाच प्रश्नावर येऊन थांबतो: आरोपी ‘सदस्य’ होता की नुसता तिथे होता?

1950 च्या दशकातील बलदीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की केवळ उपस्थितीने कोणी सदस्य ठरत नाही. त्याने काही केले किंवा करायचे टाळले, असे दिसले पाहिजे. यावरून प्रत्येक आरोपीची स्वतंत्र कृती सिद्ध झालीच पाहिजे, असा अर्थ बचाव पक्ष काढू लागला. 1964 च्या मसालती खटल्यात न्यायालयाने तो अर्थ नाकारला. बलदीनमधील विधान त्या खटल्याच्या विशिष्ट वस्तुस्थितीपुरते आहे आणि उद्दिष्टात सामील असणे पुरेसे आहे, असे ठरले. मात्र मोठ्या जमावात साक्षीदाराची गफलत सहज होते. म्हणून दोन-तीन किंवा अधिक साक्षीदारांनी एकसारखी हकिगत सांगितली तरच आरोपीला दोषी धरावे, ही कसोटीही तिथेच मान्य झाली. तिला यांत्रिक म्हणता येईल, पण अतार्किक म्हणता येणार नाही, असे न्यायालयाचे मत पडले. दोन्ही निवाडे परस्परविरोधी मानण्याची प्रथा आहे. ते पुराव्याच्या वेगवेगळ्या टप्प्यांविषयी बोलतात, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते: एक सदस्यत्व कशाने ठरते हे सांगतो, दुसरा ते किती साक्षींनी ठरते हे.

काळाचा मुद्दा बहुधा दुर्लक्षिला जातो. जमाव गावभर फिरत असेल तर कोण केव्हा आला आणि केव्हा गेला, हे महत्त्वाचे ठरते. मुसा खान विरुद्ध महाराष्ट्र राज्य (1976) या निवाड्यानुसार, जमावाजवळ कधीतरी दिसलेला माणूस आरंभापासून अखेरपर्यंतच्या प्रत्येक कृत्याला जबाबदार आहे, असे गृहीत धरता येत नाही. दुकान फोडताना हजर असलेला आणि पुढच्या गल्लीतील जाळपोळीआधी निघून गेलेला माणूस त्या जाळपोळीपुरता सदस्य नसतो. उलट, मंडळीचा हेतू कळल्यावरही तिच्यात टिकून राहणारा सदस्य ठरतो, मग तो आधी सहज आलेला का असेना.

गुजरातमधील वडोद गावचे प्रकरण येथे उद्‌बोधक आहे. 28 फेब्रुवारी 2002 रोजी जमावाने कबरस्तान आणि मशिदीला वेढा घातला. पोलिसांनी जमाव पांगवला, लोक सैरावैरा पळाले आणि काही जण जागीच पकडले गेले. सत्र न्यायालयाने सर्वांना सोडले; उच्च न्यायालयाने 2016 मध्ये सहा जणांना दोषी ठरवले. मार्च 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांनाही निर्दोष सोडले. ते त्याच गावचे रहिवासी, त्यामुळे तिथे असणे स्वाभाविक; त्यांच्याकडे हत्यार सापडले नव्हते आणि त्यांनी चिथावणी दिल्याचा पुरावा नव्हता. पळापळीत निरपराध माणूसही दंगेखोर समजला जाऊ शकतो. अटकेच्या जागेवरून सदस्यत्व सिद्ध होत नाही, हा याचा व्यावहारिक अर्थ. हत्यार बाळगणे, घोषणा देणे, वाट अडवणे, टोळीबरोबर येणे आणि तिच्याबरोबरच जाणे या गोष्टी मात्र सदस्यत्वाकडे बोट दाखवतात.

फिर्यादी पक्षाची बाजू अनेकदा आकड्यावरही ढासळते. पाचच जणांवर आरोप ठेवून त्यांतील दोघे सुटले, तर उरलेल्या तिघांवर कलम 149 टिकत नाही. अनोळखी इतरही सामील होते, असा आरोप दोषारोपात असेल आणि पुराव्याने सिद्ध झाला, तरच ते टिकते. मोहन सिंग विरुद्ध पंजाब राज्य (1962) या निवाड्यातून हे स्पष्ट झाले. अशा वेळी समान इराद्याचे कलम 34 (आता 3(5)) उरते. त्याला पाचांची अट नाही, मात्र इरादा सामायिक होता आणि आरोपीचा कृत्यात सहभाग होता, हे दाखवावे लागते.