पुट-कॉल पॅरिटी

एकाच शेअरचा, एकाच स्ट्राइकचा नि एकाच एक्स्पायरीचा कॉल आणि पुट घेतला तर त्या दोघांच्या भावात जे पक्कं नातं असतं ते म्हणजे पुट-कॉल पॅरिटी. कॉल म्हणजे ठरलेल्या भावाला शेअर घेण्याचा हक्क, पुट म्हणजे विकण्याचा; तो ठरलेला भाव म्हणजे स्ट्राइक, आणि हक्काची मुदत संपते तो दिवस म्हणजे एक्स्पायरी. हे तंतोतंत लागू होतं ते युरोपियन ऑप्शनला, म्हणजे जो फक्त एक्स्पायरीलाच वापरता येतो त्याला. एनएसईवर निफ्टीचे ऑप्शन तसेच आहेत आणि २०११ पासून शेअरचेसुद्धा.

समजा शेअर १०४ रुपयांना आहे, स्ट्राइक १०५, मुदत एक वर्ष, व्याज ५ टक्के. आता एकाने कॉल घेतला आणि १०० रुपये एफडीत टाकले, वर्षाने त्याचे १०५ होणार. दुसऱ्याने शेअर घेतला आणि सोबत पुट घेतला. वर्षाने शेअर १३० झाला तर पहिला एफडीच्या १०५ मध्ये शेअर घेतो, म्हणजे त्याच्याकडे १३०चा माल, आणि दुसऱ्याकडे शेअर आहेच. शेअर ८० झाला तर पहिल्याकडे १०५ रोख, दुसरा पुट वापरून १०५ला विकतो. काहीही झालं तरी दोघांच्या हातात सारखंच येतं, मग आज दोघांचा खर्चही सारखाच हवा: कॉल + १०० = पुट + १०४. पुट ६ असेल तर कॉल १०च असायला हवा. शेअर वर जाईल की खाली याचा अंदाज यात कुठेच येत नाही, हेच यातलं मला सगळ्यात आवडतं.

आता कॉल १३ला दिसला तर? कॉल विकायचा, पुट आणि शेअर घ्यायचा, खिशातून गेले ९७. वर्षाने १०५ पक्के, आणि ९७ उसने घेतले असतील तर व्याजासकट १०१.८५ परत द्यायचे, म्हणजे ३.१५ उरले. पण असा फरक स्क्रीनवर दिसला की आधी बघायचं की तो भाव शेवटच्या सौद्याचा आहे का, कारण कमी चालणाऱ्या स्ट्राइकला तो तासाभरापूर्वीचाही असू शकतो. खरेदी-विक्रीचे चालू भाव लावले की बहुतेक वेळा फरक गायबच होतो. मधे डिव्हिडंड असेल तर कॉल तेवढा स्वस्त हवाच, आणि निफ्टीत हिशोब स्पॉटवर, म्हणजे निफ्टीच्या चालू आकड्यावर, न करता त्याच एक्स्पायरीच्या फ्युचरच्या भावावर करायचा.

एवढं करूनही पुटच महाग राहिला तर बहुधा शेअर उसना मिळत नाहीये, कारण हा फरक खायला शेअर शॉर्ट करावा, म्हणजे उसना घेऊन विकावा लागतो. मार्च २००० मध्ये अमेरिकेत थ्रीकॉम कंपनीने आपल्या पाम या कंपनीचे थोडेसे शेअर बाजारात आणले तेव्हा नेमकं हेच झालं, उसने शेअर मिळेनात, पुट कॉलपेक्षा चांगलेच महाग झाले, आणि ऑप्शनवरून काढलेला पामचा भाव बाजारातल्या भावापेक्षा बराच खाली येत होता.