कॅमेऱ्याच्या तडकलेल्या वा सैल काचेमुळे रात्रीच्या फोटोंत उमटणारी वलये

मोबाइल फोनच्या मागील कॅमेऱ्यावर बाहेरून एक सपाट संरक्षक काच असते. दुरुस्तीच्या दुकानात तिला ‘कॅमेरा ग्लास’ म्हणतात. चित्र घडवण्यात तिचा वाटा नसतो. ते काम आतल्या भिंगांचे. पण सगळा प्रकाश तिच्यातूनच आत जात असल्याने ती तडकली किंवा बसकणीतून सुटली, की रात्रीच्या फोटोत दिव्यांभोवती धुरकट पट्टे, फिकट वलये आणि नसलेल्या दिव्यांचे ठिपके दिसू लागतात. दिवसा मात्र तोच फोन जवळजवळ निर्दोष फोटो काढतो, आणि म्हणून बिघाड महिनोन्‌महिने लक्षात येत नाही.

हा फरक हिशेबाने समजतो. लेप नसलेल्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरवतो, म्हणजे दोन्ही मिळून ८ टक्के. समजा, सेन्सरवर पडलेल्या प्रकाशातला २ टक्के प्रकाश भिंगांतून उलट बाहेर निघाला. त्यातला ८ टक्के काचेवर आपटून पुन्हा आत येतो. मूळ प्रकाशाच्या हा साधारण सहाशेवा भाग झाला. उन्हातल्या दृश्यात तो सहज लपतो; अंधाऱ्या गल्लीत मात्र रस्त्यावरचा दिवा आसपासच्या भिंतीपेक्षा हजारो पटींनी उजळ असतो, तेव्हा त्याचा सहाशेवा भागही भिंतीपेक्षा ठळक दिसतो. परावर्तनरोधी लेप असेल तर एका पृष्ठभागावरून अर्धा टक्का किंवा त्याहून कमी प्रकाश परततो आणि हा ठिपका बराच मंदावतो. तो पूर्णपणे नाहीसा होत नाही. त्यामुळे नव्या कोऱ्या फोनमध्येही दिव्याचा हिरवट प्रतिठिपका दिसू शकतो. तेवढ्यावरून काच खराब ठरवू नये.

काच नीट बसली आहे की नाही, हे त्या ठिपक्याच्या जागेवरून कळते. काच सेन्सरला समांतर असेल तर ठिपका फोटोच्या मध्यबिंदूच्या बरोबर पलीकडे उमटतो: दिवा वरच्या डाव्या कोपऱ्यात, तर ठिपका खालच्या उजव्या कोपऱ्यात, तितक्याच अंतरावर. काच १ अंशाने कलली की परतणारा किरण २ अंशांनी वळतो. मुख्य कॅमेऱ्याच्या आडव्या दृश्यकोनाचे माप साधारण ७० अंश धरले, तर ४००० पिक्सेल रुंदीच्या फोटोत ठिपका सुमारे ११० पिक्सेल सरकतो. दिवा आणि ठिपका जोडणारी रेघ मग मध्यबिंदूवर दुभागत नाही. तपासताना फोटो कातरलेला नसावा, एवढे पाहावे. वलयाचे कारण थोडे वेगळे आहे. काच आणि पहिल्या भिंगाचा वक्र पृष्ठभाग यांच्यात फिरलेला प्रकाश सेन्सरवर नेमका एकवटत नाही, म्हणून ठिपक्याऐवजी चकती पडते, आणि तिची कड उजळ असली की ती वलयासारखी दिसते.

तडा स्वतः फोटोत रेघ म्हणून दिसत नाही, कारण तो भिंगाच्या इतका जवळ असतो की फोकसमध्ये येऊच शकत नाही. दिसतो तो त्याने विखुरलेला प्रकाश. तड्याला काटकोनात दिव्यातून लांब पट्टा निघतो. बोटाच्या तेलकट पुसटणीनेही असाच पट्टा येतो, म्हणून आधी काच मऊ कापडाने पुसावी आणि कव्हर काढून पाहावे. पुसूनही पट्ट्याची दिशा तीच राहिली तर तड्याचा संशय बळावतो. अल्ट्रावाइड कॅमेऱ्याचे छिद्र बारीक असते आणि फोटोच्या वेगवेगळ्या भागांचा प्रकाश काचेच्या वेगवेगळ्या जागांतून येतो; तिथे धुके फोटोच्या एकाच बाजूला साचलेले दिसू शकते.

फ्लॅश लावल्यावरच सगळा फोटो पांढुरका होत असेल, तर प्रकाश बाजूने काचेत शिरतो आहे, हे जवळपास नक्की. फ्लॅश आणि भिंग यांच्यामधली काळी फोमची कडी निघाली किंवा काच उचलली गेली की असे होते. बोटाने फ्लॅश झाकून अंधारात दुसरा फोटो काढावा: तो काळा न येता त्यात धुके तसेच राहिले, तर दोष बहुधा हाच. पावसाळ्यात फटीतून दमट हवा शिरून आतून बाष्प धरते. ते फोन कोरड्या जागी ठेवल्यावर विरते, तडा मात्र राहतोच.

काच बदलताना जुना चिकटा गरम करून सैल करतात आणि तुकडे चिमट्याने काढतात. एखादी कपची भिंगावर पडली तर ओरखडा उठतो आणि मग पूर्ण कॅमेराच बदलावा लागतो. घरी सैल काच झटपट चिकटणाऱ्या गोंदाने बसवणे सर्वांत वाईट: सायनोॲक्रिलेटची वाफ भिंगावर पांढरी साय धरते, आणि ती बाहेरून पुसता येत नाही. त्यासाठी दुहेरी चिकटपट्टीची तयार कडी मिळते. स्वस्तातल्या काचेवर बहुधा लेप नसतो. ती सरळ बसूनही प्रतिठिपका आधीपेक्षा ठळक झाला, तर दोष बसवणाऱ्याचा नसून त्या काचेचा असतो.