शेड एक, युनिट दोन: टक्का बघायचा की रुपये?

वेंगुर्ला तालुक्यातली एक शेड धरा. वीज आहे, पाणी आहे, ट्रक दारापर्यंत येतो. मालकाला तिथे काजू प्रक्रिया युनिट टाकायचं आहे आणि त्याच्यासमोर दोन कोटेशन्स आहेत, एक लहान युनिटचं आणि एक मोठ्याचं. शेड एकच असल्यामुळे लहान बसवलं की मोठ्याला जागा उरत नाही आणि मोठं बसवलं की लहानाची गरज उरत नाही. वित्ताच्या पुस्तकांत अशा जोडीला परस्परवर्ज्य प्रकल्प म्हणतात. एनपीव्ही आणि आयआरआर या प्रकल्प पारखण्याच्या दोन पद्धतींचं भांडण लागतं ते अशाच ठिकाणी. एकाच प्रकल्पाला हो म्हणायचं की नाही, एवढाच प्रश्न असेल आणि आधी पैसे घालून मग कमाई असा साधा क्रम असेल, तर दोन्ही पद्धती एकच उत्तर देतात आणि वाद उरत नाही.

आकडे हिशोबासाठी घेतलेले आहेत, पण रचना खऱ्या युनिटसारखीच आहे. लहान युनिटला ८ लाख लागतात: ५ लाखांची यंत्रं आणि बी भरायला ३ लाखांचं खेळतं भांडवल. सगळा खर्च जाऊन वर्षाला ३.२ लाख हातात येतात. मोठ्याला ३० लाख: १८ लाखांची यंत्रं, १२ लाखांचं खेळतं भांडवल, आणि वर्षाला ९ लाख हातात. दोन्ही पाच वर्षं चालतात असं धरू. शेवटी यंत्रं भंगारात, पण खेळतं भांडवल परत मिळतं, कारण शेवटची बी फोडून गर विकला की ते पैसे पुन्हा भरायचे नसतात. म्हणजे पाचव्या वर्षी लहानाकडून ३.२ अधिक ३, असे ६.२ लाख येतात आणि मोठ्याकडून ९ अधिक १२, असे २१ लाख.

पैशाची किंमत १२ टक्के धरू. कर्जाचं व्याज आणि स्वतःच्या पैशावरची अपेक्षा मिळून बसणारा हा दर.

एनपीव्ही, म्हणजे निव्वळ वर्तमान मूल्य काढताना दर वर्षाची रक्कम १२ टक्क्यांनी मागे आणून आजच्या रुपयांत मांडायची. लहान युनिटचे पहिल्या वर्षीचे ३.२ लाख आज २.८६ लाखांचे होतात, दुसऱ्याचे २.५५, तिसऱ्याचे २.२८, चौथ्याचे २.०३, आणि पाचव्या वर्षीचे ६.२ लाख आज ३.५२ लाखांचे. बेरीज १३.२४ लाख. त्यातून घातलेले ८ वजा केले की उरतात ५.२४ लाख. मोठ्याचा हिशोब तसाच केला तर बेरीज ३९.२५ येते, त्यातून ३० वजा, उरले ९.२५ लाख.

आयआरआर, म्हणजे अंतर्गत परतावा दर, याच आकड्यांकडे उलट्या बाजूने बघतो. दर हातात न घेता तो शोधायचा: कुठल्या टक्क्याने मागे आणलं तर बेरीज घातलेल्या रकमेइतकीच येईल आणि खाली शून्य उरेल? लहानासाठी हा दर साधारण ३३.५ टक्के, मोठ्यासाठी २२.३ टक्के.

तर आयआरआर म्हणतो लहान घ्या, एनपीव्ही म्हणतो मोठं घ्या. आकडेमोड दोन्हीकडे बरोबर आहे. आणि इथे नेमका कोणीतरी म्हणतो, “ज्याचे टक्के जास्त ताच बरा, नाय काय?”

नाही. ३३.५ टक्के हे ८ लाखांवरचे आहेत आणि २२.३ टक्के ३० लाखांवरचे. टक्का किती रकमेवर, हे आयआरआर सांगतच नाही. त्याच्यावर क्रम लावायचा तर आणखी लहान जा. हाताने चालणारी दोन-चार कटिंग यंत्रं घेऊन दुसऱ्यांची बी मजुरीवर फोडून दिली, ६० हजार घातले आणि पाच वर्षं दर वर्षी ४० हजार सुटले, तर आयआरआर ६० टक्क्यांच्या वर जातो. तिन्हींत तो पहिला येईल. एनपीव्ही मात्र ८४ हजार. शेड पाच वर्षं अडकली आणि मालमत्तेत भर पडली ८४ हजारांची, म्हणून कोणी पेढे वाटणार नाही.

यावर हमखास मिळणारं उत्तर असं की आयआरआर मधल्या वर्षांचा पैसा त्याच दराने पुन्हा गुंतवला जातो असं गृहीत धरतो, म्हणून चुकतो. मला हे स्पष्टीकरण फारसं पटत नाही. आयआरआर काढताना पुढे पैसे कुठे गुंतवले हे कोणी विचारतच नाही. दोन दरांची तुलना करताना ते गृहीतक मागच्या दाराने शिरतं एवढंच. या उदाहरणात तर मूळ कारण त्याहून साधं आहे. लहान युनिट घेतलं तर उरलेले २२ लाख काय करणार, हे आयआरआरने विचारलेलंच नाही.

तो प्रश्न थेट विचारता येतो. मोठ्यातून लहान वजा करा, वर्षानुवर्षे. आज २२ लाख जास्त घालायचे. पहिली चार वर्षं दर वर्षी ५.८ लाख जास्त मिळतात, पाचव्या वर्षी १४.८ लाख. हा “वाढीव” प्रकल्प म्हणजेच लहानाऐवजी मोठं घेण्याचा निर्णय. याचा आयआरआर १८ टक्क्यांच्या किंचित वर येतो. पैसा १२ टक्क्यांनी पडत असेल तर १८ देणारी वाढ सोडायचं कारण नाही, मोठं घ्या. आता आयआरआर आणि एनपीव्ही एकाच बाजूला आले, कारण टक्का योग्य रकमेवर लावला.

हाच १८ चा आकडा दोघांच्या एनपीव्हीचा छेदबिंदू आहे. त्या दराला दोन्ही युनिटांचा एनपीव्ही सारखा येतो. त्याच्या खाली मोठं सरस, वर लहान. पडताळून बघा: २० टक्के दर लावला तर लहानाचा एनपीव्ही २.७८ लाख आणि मोठ्याचा १.७४ लाख, क्रम उलटला. अमेरिकन अर्थतज्ज्ञ आयर्विंग फिशर यांनी १९३० मध्ये हा विचार मांडला, म्हणून काही जण याला फिशर दर म्हणतात. मालकाच्या दृष्टीने याचा उपयोग असा: पैसा १२ ने पडतो की १३.५ ने, यावर घरात रात्रभर वाद घालायची गरज नाही, १८ च्या खाली कुठेही असेल तर उत्तर तेच. पण २२ लाखांना तेवढ्याच जोखमीचं, १८ टक्क्यांहून जास्त देणारं दुसरं काम खरोखर हाताशी असेल, तर १२ हा त्या पैशाचा दरच नव्हता. आणि बँक १० लाखांच्या वर द्यायलाच तयार नसेल, तर मोठं युनिट यादीतच नाही, तुलना कशाची करणार?

एक्सेलमध्ये ओळ २ मध्ये लहान, ओळ ३ मध्ये मोठं, ओळ ४ मध्ये वजाबाकी. B रकान्यात आजची रक्कम उणे चिन्हासह, पुढे पाच वर्षं:

```
=NPV(12%,C2:G2)+B2
=NPV(12%,C3:G3)+B3
=IRR(B4:G4)
```

एनपीव्हीच्या सूत्रात पहिली रक्कम बाहेर ठेवली आहे ती मुद्दाम. एक्सेल कंसातली पहिली रक्कम वर्षअखेरीची समजतो, त्यामुळे आजचे ३० लाख आत टाकले तर ९.२५ चे ८.२६ होतात. क्रम यामुळे बदलत नाही, पण आकडा चुकतो. वजाबाकी नेहमी मोठ्यातून लहान अशी करा, म्हणजे पहिली रक्कम उणे येते. आणि तिसऱ्या वर्षी मोठ्याच्या बॉयलरवर भला मोठा खर्च असेल, तर वजाबाकीच्या ओळीत मध्येच उणे आकडा येऊ शकतो. उणे-अधिक चिन्ह एकापेक्षा जास्त वेळा बदललं की दोन आयआरआर निघण्याची शक्यता असते, आणि एक्सेल त्यातला एकच दाखवतो. तेव्हा ओळ ४ चा एनपीव्ही बघावा.

प्रोजेक्ट रिपोर्टांत मला जास्त सापडणारी गोची मात्र वेगळीच आहे: खेळतं भांडवल सुरुवातीला धरतात आणि शेवटी परत दाखवायला विसरतात. इथे ते विसरलं तर लहानाचा एनपीव्ही ३.५४ लाख होतो आणि मोठ्याचा फक्त २.४४. म्हणजे पद्धत बरोबर निवडूनही क्रम उलटा! काजूसारख्या धंद्यात, जिथे मार्च ते मे या हंगामात बी भरावी लागते आणि घातलेल्या पैशातला मोठा हिस्सा यंत्रात नसून पोत्यांत असतो, तिथे ही एक ओळ निकाल फिरवते. रिपोर्टमध्ये शेवटच्या वर्षाची रक्कम आधीच्या वर्षाइतकीच दिसली, तर पहिली शंका हीच घ्यावी.

आता १८ आणि १२ मधलं अंतर सुरक्षित वाटलं तरी वर्षाच्या ९ लाखांवर किती भरवसा ठेवायचा? लहानाचा आकडा तसाच ठेवून मोठ्याची कमाई उतरवत नेली, तर साधारण ७.९ लाखांवर दोन्ही एनपीव्ही बरोबरीत येतात. सव्वा लाखाच्या आतलं अंतर आहे हे. बीच्या भावात मांडू. मोठं युनिट चार फेऱ्यांत वर्षाला ४० टन बी घेतं आणि लहान १० टन, असं धरा. बी महागली तर फटका दोघांनाही बसतो, त्यामुळे तो ३० टनांच्या फरकावर मोजायचा: किलोमागे सुमारे ३ रुपये ७० पैसे. गराचा भाव तसाच राहून बी पाचही वर्षं किलोला ४ रुपयांनी महाग पडली, तर मोठ्याची कमाई ७.४ लाखांवर आणि लहानाची २.८ लाखांवर येते. एनपीव्ही मोठ्याचा ३.४८ लाख, लहानाचा ३.८० लाख.