एकवचन-अनेकवचन, दुसरीची मुलं आणि चित्रांचे सराव (इंदूर)

एकवचन-अनेकवचनाचा चित्रसराव म्हणजे एका बाजूला एका वस्तूचं चित्र, दुसऱ्या बाजूला त्याच वस्तूची तीन-चार चित्रं, आणि मुलाने दोन्हीकडचा शब्द आधी बोलायचा, मग लिहायचा. पुण्या-नाशकातल्या दुसरीच्या मुलाला हे बहुतेक आधीच येत असतं, त्याला फक्त लिहायला शिकायचं असतं. इंदूरमधल्या मराठी घरातल्या मुलाचं तसं नाही, कारण शाळा हिंदी किंवा इंग्लिश मीडियमची, गल्लीत हिंदी, व्हॅनमध्ये हिंदी, आणि मराठी उरते ती घरात आजीशी आणि रविवारच्या क्लासला. त्यामुळे इथे हा सराव लिहिण्याचा नसून मुळात बोलण्याचा होतो, आणि तो महाराष्ट्रातल्या वर्कबुकच्या क्रमाने घेतला तर फसतो.

कुठे फसतो ते आधी बघू. घोडा-घोडे, पंखा-पंखे, दरवाजा-दरवाजे हे हिंदीत जसंच्या तसं आहे, म्हणून मुलं पहिल्याच दिवशी फटाफट सांगतात. टोपी-टोप्या, खुर्ची-खुर्च्या यालाही फार वेळ लागत नाही, टोपियाँ-कुर्सियाँ कानात असतातच. खरी अडचण नपुंसकलिंगी शब्दांची. हिंदीत नपुंसकलिंगच नाही, आणि घर, फूल हे शब्द तिथे पुल्लिंगी असल्यामुळे अनेकवचनात बदलत नाहीत, दो घर, दो फूल. म्हणून मूल मराठीतही बिनधास्त "दोन घर", "चार फूल", "खूप पान" म्हणतं. घरात सगळ्यांना अर्थ कळतो त्यामुळे कोणी टोकत नाही, आणि सवय पक्की होते.

त्याहून अवघड केळं आणि अंडं. हिंदीत केला-केले, अंडा-अंडे. मराठीत बोलताना एक केळं, अनेक केळी, एक अंडं, अनेक अंडी. पण पुस्तकी मराठीत एकवचन छापलेलं असतं "केळे", "अंडे", आणि इंदूरच्या मुलाच्या कानाला ते सरळ अनेकवचन वाटतं! मग एका केळ्याच्या चित्राखाली "केळे" वाचलं की मूल गोंधळून वर बघतं, किंवा एकाला "केळा" आणि जास्तला "केळे" असं स्वतःच जुळवून टाकतं. म्हणून इथे सुरुवातीला चित्राखाली केळं, अंडं, वांगं, रताळं, भांडं असं अनुस्वाराचं बोलीतलं रूपच लिहावं, आणि "ए"वालं रूप वाचायचं वय आलं की दाखवावं.

आता सरावाबद्दल. नेहमीच्या वर्कशीटमध्ये "एक घर, तीन ____" असं असतं आणि त्यातच गडबड आहे, कारण "तीन" म्हटलं की संख्या सांगून झाली, शब्द बदलला काय नि नाही बदलला काय, काही अडत नाही. म्हणून आकडा काढून टाकायचा. दोन मुलं समोरासमोर बसवायची, दोघांमध्ये दोन कार्डं, एकावर एक घर, दुसऱ्यावर तीन घरं. पहिल्या मुलाला बाई कानात सांगतात कुठलं कार्ड हवंय, त्याने फक्त शब्द बोलायचा, आकडा नाही, बोट दाखवणं नाही, आणि दुसऱ्याने त्यावरून कार्ड उचलायचं. पहिला म्हणतो "घर", मनात तीनवालं. दुसरा एक घर असलेलं कार्ड उचलतो. पहिला ओरडतो, "अरे ते नाही!" दुसरा विचारतो, "मग एकवालं की जास्तवालं, नीट बोल ना." इथे बाईंनी शांतपणे "घरं" म्हणून दाखवायचं आणि डाव पुन्हा लावायचा. चूक बाईंनी लाल पेनने दाखवलेली नसते, चुकीचं कार्ड हातात आल्यामुळे कळलेली असते, म्हणून ती लक्षात राहते.

यात केळं आणताना चित्र काळजीने काढावं लागतं. केळ्यांची फणी काढली तर मूल "फणी" नाहीतर "घड" म्हणतं, आणि तेही बरोबरच असतं, मग अनेकवचन निघतच नाही. तीन केळी वेगवेगळी, मध्ये जागा सोडून काढावीत. तसंच लाडू ताटात काढू नयेत, पानं झाडावर काढू नयेत, नाहीतर उत्तर "ताट" आणि "झाड" येतं.

घरं, केळी जमायला लागली की मुद्दाम उंदीर, लाडू, हात ही कार्डं टाकायची. हे शब्द बदलतच नाहीत, त्यामुळे "उंदीर" ऐकून कुठलं कार्ड उचलायचं हे कोणालाच सांगता येत नाही. मुलं थोडा वेळ भांडतात आणि मग कोणीतरी "उंदीर पळाले!" म्हणतं. तेव्हा त्यांच्या लक्षात येतं की अनेकवचन नुसत्या नामात नसतं, क्रियापदात आणि विशेषणातही असतं. मग नियम असा करायचा की प्रत्येक कार्डाला हा, ही, हे लावूनच बोलायचं: हा लाडू, हे लाडू, ही टोपी, ह्या टोप्या, हे घर, ही घरं. "ही घरं" वर मुलं हमखास अडकतात, कारण "ही" म्हणजे मुलगी असं डोक्यात बसलेलं असतं. त्याला समजावत बसू नये, ही घरं, ही फुलं, ही केळी, ही अंडी अशी माळच लावून म्हणून घ्यावी.

लिहायला घेतल्यावर फूल-फुलं, वीट-विटा यात पहिलं अक्षर ऱ्हस्व होतं, पण दुसरीत त्याचे मार्क कापू नयेत, वचन बरोबर आलंय ना एवढंच बघावं.

मुलाने पाठ केलंय की खरंच कळलंय हे बघायची एक जुनी रीत आहे. 1958 मध्ये जीन बर्को या अमेरिकन संशोधिकेने मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवून त्याला "वग" असं बनावट नाव दिलं आणि दोन असले तर काय म्हणाल असं विचारलं होतं. मराठीत हे करताना लिंग आधी सांगावंच लागतं. विचित्र प्राणी काढून "हा गोपटा" म्हटलं तर "हे गोपटे" यायला हवं, आणि "हे गोपटं" म्हटलं तर "ही गोपटी". दुसऱ्या प्रश्नालाही मूल "गोपटे" म्हणालं तर हिंदीचा साचा अजून सुटलेला नाही, केळं-अंडंची कार्डं परत काढायची.

पण "ही गोपट" असं विचारू नये, कारण त्याचं ठरलेलं उत्तर मोठ्यांकडेही नाही. शेवटी अ असलेले स्त्रीलिंगी शब्द दोन्हीकडे जातात: वीट-विटा, वाट-वाटा, चिंच-चिंचा, जीभ-जिभा, पण भिंत-भिंती, विहीर-विहिरी, म्हैस-म्हशी, पाल-पाली. बाहेरून आलेले शब्दसुद्धा तसेच, बॅग-बॅगा पण पेन्सिल-पेन्सिली. शब्दाकडे बघून हे ओळखता येईल असा दुसरीच्या मुलाला देण्यासारखा नियम नाही, त्यामुळे हे शब्द जोडीनेच पाठ करून घ्यावे लागतात, आठवड्याला चार-पाच, आ-वाले एका रंगाच्या कार्डावर आणि ई-वाले दुसऱ्या. "भिंता" किंवा "विटी" आलं तरी ती चांगली चूक समजावी, मूल "दोन भिंत"च्या पुढे गेलेलं असतं.